हातचा कुठे धरतो? टेक्निकल मेळ्यात लॉजिक गेट आणि कॅल्क्युलेटर समजावून सांगणारं भाषण कसं तयार करावं

इंदूरमधल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी डिजिटल इलेक्ट्रॉनिक्सची लॅब सांभाळतो. टेक्निकल मेळा जवळ आला की पहिल्या-दुसऱ्या वर्षाची मुलं येतात आणि म्हणतात, "सर, बेरजेचं मॉडेल चालतंय, आता त्यावर सहा मिनिटं बोलायचंय. काय बोलू?" मॉडेल बहुतेकांचं खरंच चालतं. भाषण मात्र दुसऱ्या मिनिटाला "ट्रूथ टेबल" या शब्दापाशी अडकतं, आणि समोरची माणसं शेजारच्या ड्रोनच्या स्टॉलकडे सरकतात.

काही वर्षांपूर्वी असंच एक भाषण चालू असताना रामबागेतून नातवाबरोबर आलेल्या एका आजींनी मध्येच विचारलं, "बाळा, सात आणि पाच बारा हे कळलं. पण यातला हातचा हा कुठे धरतो?" मुलगा गप्प झाला. मला वाटतं, त्या दिवशी विचारल्या गेलेल्या सगळ्या प्रश्नांत तो सर्वांत नेमका होता. कॅल्क्युलेटरमधल्या बेरजेचं मर्म हातच्यात आहे, आणि हातचा काय असतो हे समोरच्या प्रत्येकाला तिसरीपासून माहीत असतं. तेव्हापासून मी मुलांना भाषण हातच्याभोवतीच बांधायला सांगतो. ते कसं बांधायचं, ते इथे क्रमाने लिहितो. मधले मोठे उतारे प्रत्यक्ष भाषणाचे आहेत. ते जसेच्या तसे वापरले तरी चालतील.

पहिली पायरी: एकच बेरीज निवडा

संपूर्ण भाषणात एकच बेरीज असावी, आणि ती ७ + ५ असावी. ४ + ३ घेतली तर द्विमान पद्धतीत कुठेच हातचा येत नाही, त्यामुळे दाखवण्यासारखं काही घडत नाही. २५ गुणिले १२ घेतलं तर सहा मिनिटांत ते संपत नाही. ७ + ५ मध्ये मात्र लागोपाठ तीन हातचे येतात, आणि उत्तर नऊच्या पुढे गेल्यामुळे शेवटी एक पेच उभा राहतो. त्या पेचावर भाषणाचा शेवट आपोआप उभा राहतो.

भाषण आधी घरच्या बोलीत लिहा. तुमच्या घरी मराठी बोलत असतील तर मराठीत. मेळ्यात तेच हिंदीत सांगायची वेळ येतेच, आणि तिथे "हातचा"ला "हासिल" म्हटलं की पुरतं. इंदूरच्या मराठी घरांतली निम्मी मुलं तर शाळेत "हासिल" आणि आजीपाशी "हातचा" असं दोन्ही शिकलेली असतात. पहिल्या तीन मिनिटांत बायनरी, बिट, कॅरी, ट्रूथ टेबल यांतला एकही शब्द नको. लॉजिक गेट हा शब्दसुद्धा गेट काम करताना दिसलं की मगच उच्चारायचा.

दुसरी पायरी: वजनांपासून सुरुवात करा

यंत्राला शून्य आणि एक एवढंच कळतं, हे वाक्य लोकांनी इतकं ऐकलेलं असतं की त्याने काहीच पोचत नाही. त्याऐवजी तागडी घ्या. खरी मिळाली तर टेबलावर ठेवा. नाही मिळाली तर पुठ्ठ्याच्या चार चकत्यांवर ८, ४, २, १ लिहून चालेल.

> "काका, समजा तुमच्याकडे चारच वजनं आहेत. एक किलो, दोन किलो, चार किलो आणि आठ किलो, प्रत्येकी एकच. मला सात किलो मोजून द्या. चार, दोन आणि एक ठेवलं, आठचं बाजूला राहिलं. आता पाच किलो? चार आणि एक. या चार वजनांनी शून्यापासून पंधरापर्यंत कुठलाही आकडा मोजता येतो, आणि प्रत्येक आकड्याची एकच मांडणी असते. माझ्या या यंत्रात वजनांच्या जागी चार तारा आहेत. तारेत पाच व्होल्ट असले तर वजन पारड्यात, शून्य व्होल्ट असले तर वजन बाहेर. आठच्या तारेपासून एकच्या तारेपर्यंत वाचत गेलं तर सात म्हणजे बाहेर, आत, आत, आत. पाच म्हणजे बाहेर, आत, बाहेर, आत."

हे बोलताना हात स्विचवर असू द्या. मॉडेलवर चार-चार स्विचच्या दोन रांगा हव्यात, आणि प्रत्येक स्विचखाली ८, ४, २, १ ठळक लिहिलेलं हवं. वरच्या रांगेत सात लावा, खालच्या रांगेत पाच. उत्तराचा डिस्प्ले तोपर्यंत पुठ्ठ्याने झाकून ठेवा.

तिसरी पायरी: दोन गेट, दोन दिवे

भाषणाचा गाभा इथे आहे. इथे दोन मिनिटं खुशाल जाऊ द्या. मोठ्या मॉडेलच्या शेजारी एक छोटा बोर्ड ठेवा. त्यावर फक्त दोन स्विच आणि दोन दिवे. एका दिव्याखाली "खाली लिहायचा", दुसऱ्याखाली "हातचा". आत एक `74HC86` आणि एक `74HC08`, एवढंच.

> "कागदावर बेरीज करताना आपण दर घरात दोन कामं करतो. एक आकडा खाली लिहितो आणि एक हातचा धरतो. यंत्रात ही दोन कामं दोन वेगवेगळे नोकर करतात. ताई, हे दोन स्विच तुम्ही धरा. दोन्ही बंद. शून्य आणि शून्य शून्य, दोन्ही दिवे विझलेले. आता एक चालू करा. एक आणि शून्य एक, 'खाली लिहायचा' लागला. तो बंद करून दुसरा चालू करा. तेच झालं. आता दोन्ही चालू करा. एक आणि एक दोन. पण एकच्या घरात दोन मावत नाहीत, कारण तिथे वजन एकच आहे. म्हणून एकच्या घरात शून्य राहिलं आणि दोनच्या घराकडे हातचा एक गेला. बघा, पहिला दिवा विझला आणि हातचा लागला."

यानंतर नोकरांची नावं सांगा. "खाली लिहायचा" दिवा लावतो तो एक्स-ऑर गेट, आणि त्याची सर्वांत सोपी ओळख जिन्यातल्या दिव्यावरून होते. खाली एक बटण, वर एक बटण. दोन्ही एकाच स्थितीत असली की दिवा बंद, वेगळ्या स्थितीत असली की चालू. हातच्याचा दिवा लावतो तो अँड गेट. त्याच्यासाठी बँकेचं लॉकर आठवायला सांगा. एक किल्ली बँकेची, एक आपली, आणि दोन्ही लागल्याशिवाय दार उघडत नाही. ऑर गेट पुढे लागणार आहे, त्याची ओळख इथेच एका वाक्यात करून ठेवा: पुढचं दार आणि मागचं दार यांची बटणं एकाच घंटीला जोडलेली असतात, कुठलंही दाबा, घंटी वाजते. नॉट गेटबद्दल बोलायचा मोह आवरा. बेरजेच्या या गोष्टीत त्याचं काम पडत नाही.

इथे कुणी शाळकरी मूल कान टवकारून ऐकत असेल तर मी त्याला एक हकिकत सांगतो. १९३७ साली अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये काम करणाऱ्या जॉर्ज स्टिबिट्झ यांनी घरच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर नेमका असाच बोर्ड बनवला होता. दोन रिले, टॉर्चचे बल्ब, बॅटरी, आणि स्विचसाठी तंबाखूच्या डब्याच्या पत्र्यातून कापलेल्या पट्ट्या. एक आणि एक यांची बेरीज तो बोर्ड दाखवत असे. किचनमध्ये जन्मला म्हणून त्याचं नाव "मॉडेल के" पडलं. आपल्या छोट्या बोर्डाचं काम तेच आहे, फक्त रिलेच्या जागी ट्रान्झिस्टर आले.

चौथी पायरी: हातचा पुढच्या घरात न्या

एकच्या घरात आधीचा हातचा नसतो, म्हणून तिथे दोन गेट पुरतात. दोनच्या घरात मात्र तीन गोष्टी मिळवायच्या असतात: वरचा आकडा, खालचा आकडा आणि आलेला हातचा. मुलं इथे पाच गेटांची आकृती फळ्यावर काढतात आणि पकड सुटते. आकृती काढू नका. असं सांगा:

> "तीन माणसांची उधारी जोडायची असेल तर आपण आधी दोघांची जोडतो आणि त्यात तिसऱ्याची मिळवतो. यंत्रही तेच करतं. मघाचा दोन दिव्यांचा बोर्ड इथे दोनदा लावलाय. पहिला बोर्ड वरचा आणि खालचा आकडा मिळवतो, दुसरा त्यात हातचा मिळवतो. दोघांपैकी कुणाकडूनही हातचा निघाला तरी तो पुढे जायला हवा, म्हणून दोघांचे हातचे एका ऑर गेटमध्ये आणले. दोन दारं, एक घंटी."

चोखंदळ विद्यार्थी विचारतो की दोन्ही बोर्डांतून एकाच वेळी हातचा निघाला तर एक हरवेल ना? तसं होऊच शकत नाही. पहिल्या बोर्डातून हातचा निघाला याचा अर्थ त्याचा खाली लिहायचा आकडा शून्य आहे, आणि शून्यात काहीही मिळवलं तरी दुसऱ्या बोर्डातून हातचा निघत नाही. हे उत्तर तयार ठेवा. भाषणात स्वतःहून आणू नका.

आता मोठ्या मॉडेलकडे वळा आणि ७ + ५ घराघराने सांगा. फळ्यावर एवढंच लिहा:

```
घर      ८  ४  २  १
सात     ०  १  १  १
पाच     ०  १  ०  १
------------------
उत्तर    १  १  ०  ०
```

बोलताना उजवीकडून डावीकडे जा. एकच्या घरात एक आणि एक दोन, खाली शून्य, हातचा एक. दोनच्या घरात एक आणि शून्य एक, हातचा धरून दोन, पुन्हा खाली शून्य, हातचा एक. चारच्या घरात एक आणि एक दोन, हातचा धरून तीन, खाली एक, हातचा एक. आठच्या घरात वर-खाली काहीच नाही, फक्त हातचा, म्हणून खाली एक. आठ आणि चार मिळून बारा.

मॉडेलवर घरांमधून जाणाऱ्या हातच्याच्या तारा लाल असाव्यात, बाकी सगळ्या दुसऱ्या रंगाच्या, आणि प्रत्येक लाल तारेवर एक एलईडी. तयार `74HC283` वापरली तर चारही घरं एकाच चिपमध्ये येतात आणि मधले हातचे बाहेर दिसत नाहीत. म्हणून माझा आग्रह असतो की निदान पहिली बेरीज सुट्या गेटांनी बांधा. तारा वाढतात, पण आजींच्या प्रश्नाला बोट ठेवून उत्तर देता येतं: हातचा या लाल तारेत धरला आहे, आणि पुढच्या घराचं उत्तर तोच बदलतो आहे.

पाचवी पायरी: पेच, आणि त्यातून सुटका

आता डिस्प्लेवरचा पुठ्ठा काढा. लोकांना १२ दिसण्याची अपेक्षा असते. त्यांना दिसते वरच्या अर्ध्या भागात एक उघडी वाटी.

हे चिन्ह `74LS47` या डीकोडरमुळे येतं. चार तारांवरचा आकडा वाचून सात दांड्यांच्या डिस्प्लेतल्या कुठल्या दांड्या लावायच्या ते ही चिप ठरवते. तिला शून्य ते नऊच आकडे माहीत असतात. बारा आले की ती वरच्या दोन उभ्या दांड्या आणि मधली आडवी दांडी लावते. एकदा एका मुलाने हे पाहून मॉडेल बिघडलं असं समजून भर स्टेजवर स्क्रू-ड्रायव्हर काढला होता. बिघाड काहीच नव्हता. यंत्राने बेरीज बरोबर केली होती, फक्त ती वजनांच्या भाषेत होती. ही वाटी लपवू नका, तिला भाषणात जागा द्या.

> "यंत्राला बारा कळले आहेत. पण या एका डिस्प्लेवर नऊपर्यंतच लिहिता येतं. आपण बारा कसे लिहितो? दोन लिहिले, दशकाचा हातचा एक. म्हणजे आपला हातचा दहाला निघतो. या चार तारांमधून हातचा कधी निघतो? पंधरा भरून सोळा झाले की. दहा आणि सोळा यांत फरक सहाचा. म्हणून उत्तर नऊच्या पुढे गेलं की यंत्र त्यात आणखी सहा मिळवतं. बारा आणि सहा अठरा. त्यातले सोळा हातचा होऊन दशकाच्या घरात गेले, आणि इथे उरले दोन."

आणि तुमचा साथीदार सुधारणेचा स्विच दाबतो. वाटीच्या जागी २ येतो, डावीकडे १ उजळतो. हा क्षण साधला की भाषण साधलं. पण त्यासाठी जुळणी तशी हवी. पहिल्या बेरजेचं उत्तर थेट डीकोडरला न देता एका `74HC283` मधून न्या, ही झाली दुसरी बेरीज. उत्तर नऊच्या पुढे गेलं का, हे दोन अँड आणि दोन ऑर गेट ठरवतात:

```
K = C4 + S3·S2 + S3·S1
```

इथे अधिकचं चिन्ह म्हणजे ऑर, टिंब म्हणजे अँड. S3 ही आठची तार, S2 चारची, S1 दोनची, आणि C4 म्हणजे आठच्या घरातून बाहेर पडलेला हातचा. शब्दांत सांगायचं तर आठबरोबर चार असेल, किंवा आठबरोबर दोन असेल, किंवा हातचा बाहेर पडला असेल, तर आकडा दहा किंवा त्याहून मोठा आहे. हा K दुसऱ्या बेरजेच्या चारच्या आणि दोनच्या तारेला जोडा, म्हणजे K एक झाला की सहा मिळतात. K च्या तारेत एक निवडीचा स्विच ठेवा, एका बाजूला K, दुसऱ्या बाजूला ग्राउंड. स्विच ग्राउंडकडे असेल तर वाटी, K कडे असेल तर बारा. दशकाचा १ सुद्धा याच स्विचनंतरच्या तारेवरून लावा.

ही सहा मिळवण्याची युक्ती मेळ्यापुरती नाही. १९७१ साली आलेली इंटेलची ४००४ चिप मुळात बिझिकॉम या जपानी कंपनीच्या कॅल्क्युलेटरसाठी बनवली गेली होती. तिच्या आज्ञांमध्ये `DAA` नावाची एक आज्ञा खास याच कामासाठी आहे: बेरीज नऊच्या पुढे गेली असेल किंवा हातचा निघाला असेल तर सहा मिळव. हे भाषणात सांगाच. आपण टेबलावर जे केलं ते खऱ्या कॅल्क्युलेटरमध्ये झालेलं आहे, हे लोकांना इथे कळतं.

भाषणाच्या आदल्या दिवशी

बोलण्याची तालीम झाली तरी मॉडेल स्टेजवर दगा देतं, आणि बहुतेक वेळा त्याच त्या कारणांनी. सर्वांत जास्त छळतो तो अधांतरी राहिलेला स्विच. स्विच बंद केला म्हणजे तारेवर शून्य आलं असं मुलं धरून चालतात. स्विच उघडला की तार कशालाच जोडलेली नसते, आणि `74HC` जातीची चिप अशा तारेवर मनाला येईल ते वाचते. ओळखायचं कसं? कुणाचं बोट तारेजवळ गेलं की उत्तर बदलतं. प्रत्येक स्विचच्या तारेपासून ग्राउंडपर्यंत १० किलोओहमचा रेझिस्टर लावला की हा त्रास थांबतो. चिपमधल्या न वापरलेल्या गेटांचे इनपुटही ग्राउंडला बांधा.

दुसरं कारण एलईडी. एलईडी उजळ दिसावा म्हणून मुलं कमी ओहमचा रेझिस्टर लावतात किंवा लावतच नाहीत. मग एलईडी इतका करंट ओढतो की त्या तारेवरचे पाच व्होल्ट खाली घसरतात, आणि पुढचं गेट त्या एकला एक मानत नाही. दिवा छान लागलेला दिसतो आणि पुढचं घर चुकतं, म्हणून हा दोष शोधताना डोकं फिरतं. हातच्याच्या लाल तारांवर १ किलोओहम लावा. प्रकाश कमी वाटला तर एलईडीभोवती काळ्या कागदाची नळी करा. उघड्या मंडपात दुपारच्या उन्हात ती तशीही लागतेच.

पुरवठा पाच व्होल्टचाच हवा, मोबाइल चार्जरचा चालतो. नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी थेट जोडून चिपा जाळलेल्या मी पाहिल्या आहेत. लांब ब्रेडबोर्डवर पुरवठ्याच्या पट्ट्या पुष्कळदा मध्यावर तुटलेल्या असतात, त्या तारेने जोडून घ्या, नाहीतर अर्ध्या चिपांना वीज मिळतच नाही. सामान महाराणी रोडवरून आणत असाल तर प्रत्येक चिप एक जास्त घ्या, आणि चिपेवर `HC` लिहिलंय की `LS` ते दुकानातच वाचून पाहा. दोघांना लागणारे रेझिस्टर वेगळे असतात. वर सांगितलेला १० किलोओहम `HC` साठी आहे, `LS` च्या इनपुटला तो फार मोठा पडतो.

आणि तपासणी फक्त ७ + ५ वर करू नका. सूत्रातला C4 जोडायला विसरलात तरी ७ + ५ बरोबर १२ येतात, कारण तिथे आठ आणि चार दोन्ही तारा लागलेल्या असतात. चूक पकडते ती ९ + ८. सतरा म्हणजे सोळा आणि एक. सोळा हातचा होऊन बाहेर पडतात आणि तारांवर फक्त एक उरतो. C4 जोडलेला नसेल तर डिस्प्ले निमूटपणे १ दाखवतो. ८ + ८, ७ + ९ आणि ९ + ९ इथेही तेच होईल. या चार बेरजा तपासल्याशिवाय मॉडेल घराबाहेर काढू नका. डिस्प्लेवरचा ६ वरच्या आडव्या दांडीशिवाय आणि ९ खालच्या दांडीशिवाय दिसला तर घाबरू नका. `74LS47` ते आकडे तसेच काढते.

वेळ आणि प्रश्न

वजनांना एक मिनिट, दोन दिव्यांच्या बोर्डाला दोन, घराघरातल्या बेरजेला दीड, वाटी आणि सहाला दीड. वेळ कमी मिळाली तर चौथी पायरी आखडा. दोन दिव्यांचा बोर्ड आणि वाटी सोडू नका. स्टॉलवर दोघं असावेत, एक बोलणारा आणि एक स्विच हाताळणारा. एकट्याने दोन्ही केलं की पाठ लोकांकडे होते.

प्रश्नांत "याला बरोबरची कळ का नाही?" हा हमखास येतो, आणि त्याचं उत्तर प्रामाणिक द्या. आपल्या मॉडेलला स्मरण नाही. स्विच जसे असतील तसं उत्तर त्याच क्षणी तयार असतं, म्हणून "आता सांग" असं म्हणायची गरज पडत नाही. खऱ्या कॅल्क्युलेटरमध्ये एकाच कीपॅडवरून आधी एक संख्या येते आणि नंतर दुसरी. पहिली जपून ठेवावी लागते, आणि दुसरी कुठे संपली ते कळावं लागतं. ती जपून ठेवणारी मंडळंही गेटांचीच असतात, फक्त त्यांत एका गेटचं उत्तर फिरून त्याच मंडळाच्या सुरुवातीला येतं.

"मग वजाबाकी?" असं कुणी विचारलं तर एवढं सांगा की वजा करायच्या संख्येची पूरक संख्या काढून ती मिळवली की त्याच बेरजेच्या मंडळातून वजाबाकी निघते. दहातून तीन काढायचे तर सात मिळवून वरचा दशक सोडून देता येतो, तसंच काहीसं. गुणाकार म्हणजे घर सरकवत पुन्हा पुन्हा केलेली बेरीज. याहून खोल शिरू नका, मागे रांग उभी असते.

भाषण संपल्यावर स्विच लोकांच्या हाती द्या. पहिल्यांदा येणारा बहुतेक ९ + ९ लावतो, सर्वांत मोठी बेरीज म्हणून. त्याला आधी सुधारणेचा स्विच ग्राउंडकडे करायला सांगा. डिस्प्लेवर २ दिसेल, आणि तो म्हणेल की हे चुकलं. मग त्याला आठच्या घरातून बाहेर पडणारी लाल तार दाखवा. तिचा एलईडी लागलेला असेल. सोळा तिथे आहेत. आता त्यालाच स्विच K कडे करू द्या.